प्रतिसाद: नजरेपेक्षा पुढचा प्रश्न बघ
"स्थळाचा पहिला व्हिडिओ कॉल झाला. तो सारखा खाली बघत होता. रस नसेल का? भेटू की नको?"

नजरेवर जाऊ नकोस. कॅमेरा स्क्रीनच्या वर असतो, त्यामुळे तुझ्या चेहऱ्याकडे बघणाराही तुला खालीच बघताना दिसतो. त्यापेक्षा तुझ्या बोलण्याचं त्याने पुढे काय केलं ते आठव. तू ट्रेकचं सांगितल्यावर "एकट्या जाता की ग्रुपबरोबर?" आलं, तर रस आहे. "अच्छा" म्हणून गाडी थेट पगारावर गेली, तर मनातली यादी वाचणं चाललंय. उत्तरं तुटक आणि नजर सारखी बाजूला असेल, तर खोलीत आईबाबा बसलेत का ते सरळ विचार. (बहुतेक असतातच!) तसं असेल तर आधी दोघांचाच एक छोटा कॉल करा, मग भेटीचं ठरव.