मदत हवी आहे: बुलेट चार्टमध्ये 780 चा खांब 900 च्या रेघेवर कसा गेला?

खानापूरवाला: आमच्या सोसायटीची सात दूध संकलन केंद्रं आहेत. मासिक मीटिंगला मी आजवर एक्सेलमधून गाडीच्या मीटरसारखे काट्याचे सात डायल द्यायचो. त्यांना दोन पानं लागायची, आणि काट्यांचा तिरकेपणा एकमेकांशी ताडून कुठलं केंद्र मागे पडलंय हे संचालकांना सांगता येत नसे. म्हणून बुलेट चार्ट केला. मागे करडे पट्टे, मधे अरुंद काळा खांब म्हणजे रोजचं सरासरी संकलन, आडवी रेघ म्हणजे लक्ष्य. पण सगळ्यात मोठ्या केंद्राचं लक्ष्य 900 लिटर, संकलन 780, तरी खांब रेघेच्या वर दिसतोय! आकडे तीनदा तपासले. उद्या मीटिंग आहे.

निपाणीकर: खांब सेकंडरी अक्षावर गेला असणार. प्रायमरीवर आणा की, झालं.

घटप्रभाकाठ: दुखणं बरोबर ओळखलंत, पण तसं केलं तर खांब पट्ट्यांच्या डोक्यावर चढून 1780 ला पोचेल, कारण पट्टे स्टॅक केलेले असतात. खांब तिथंच राहू दे. दोन्ही अक्षांवरचे आकडे वाचा. पट्टे 1000 पर्यंत असतील तर एक्सेल डावा अक्ष आपोआप 1200 पर्यंत नेतो, आणि उजवा फक्त 900 पर्यंत. मग 780 चा खांब उंचीच्या 87 टक्क्यांवर आणि 900 ची रेघ 75 टक्क्यांवर. दोन्हीकडे `Minimum` 0 आणि `Maximum` 1200 हातानं लिहा. पट्ट्यांचे आकडेही बघा: 600, 800, 1000 नव्हे, फरक लिहायचे, म्हणजे 600, 200, 200.

चिकोडी_दही: आमच्याकडे परत येणारं दही मोजतो. तिथं कमी तेच चांगलं, मग खांब रेघेच्या खाली दिसला की लोक घाबरतात हो. लाल-हिरवे पट्टे दिले तर?

घटप्रभाकाठ: झेरॉक्समध्ये लाल आणि हिरवा सारखेच करडे येतात. एकाच रंगाच्या छटा ठेवा. वाईट पट्टा सगळ्यात गडद असतो, तुमच्याकडे तो वरच्या टोकाला येईल.

निपाणीकर: पण डायल लांबून दिसतो. आमच्या चिलरवर तोच आहे.

घटप्रभाकाठ: तिथं तो योग्यच आहे. एकच तापमान, उभ्या उभ्या बघायचं. सात केंद्रं शेजारी लावायची तर एका रेषेतली उंची डोळा कोनापेक्षा नेमकी वाचतो. स्टीफन फ्यू यांनी बुलेट चार्ट काढला तोच डॅशबोर्डवरच्या डायलना पर्याय म्हणून.

खानापूरवाला: उजवा अक्ष 900 वरच होता. 1200 केला, खांब रेघेखाली आला. सातही केंद्रं एका पानात बसली, आभार. आता 150 लिटरचं छोटं केंद्र अगदी तळाशी दिसतंय. लक्ष्याच्या टक्क्यात काढू का?

घटप्रभाकाठ: टक्क्यात 15 लिटरची तूट आणि 90 लिटरची तूट सारखीच दिसेल. मी लिटरच ठेवीन.

चिकोडी_दही: मी टक्केच घेईन. छोट्या केंद्राच्या माणसालाही आपला खांब दिसायला हवा.