पिल्लू चावतं तेव्हा... एका दृश्यासाठी तुमचे अनुभव हवेत

पहिल्यांदाच पिल्लू घरी आणलेल्यांसाठी मी एक व्हिडिओ करतेय. खाणं, लसी, शी-शू हे भाग लिहून झालेत, पण चावण्याचं दृश्य मी तीनदा लिहिलं आणि तीनदा खोडलं. कारण माझं स्वतःचं पिल्लू भोलू, वय अकरा आठवडे, तेच काम करणार आहे कॅमेऱ्यासमोर, आणि मी स्क्रिप्टमध्ये लिहिते ते त्याच्यावर अर्ध्या वेळा चालतं आणि अर्ध्या वेळा अजिबात चालत नाही. सध्याचा मसुदा असा आहे:

दृश्य ४. पिल्लू जमिनीवर खेळतंय. हात खाली येतो. पिल्लू बोटं तोंडात धरतं. हात झटकन ओढायचा नाही, आहे तिथेच सैल सोडायचा. दुसऱ्या हाताने दोरीचं खेळणं जमिनीवरून सरपटत न्यायचं. पिल्लू बोटं सोडून दोरीमागे जातं. पडद्यावर टीप: "हात ओढला की तो पळणारा उंदीर होतो, पकडावासा वाटतो."

सकाळी हे अगदी छान जमतं. संध्याकाळी तोच भोलू दोरीकडे बघतसुद्धा नाही, थेट घोट्याला लटकतो. तुमच्याकडे कधी जास्त चावायचं, काय केल्यावर कमी झालं, काय केल्यावर वाढलं ते सविस्तर लिहा. चुकलेलं पण लिहा, मला तेच जास्त हवंय.

अजित_प
सोप्पंय. चावलं की जोरात "आऊ" असं केकाटायचं आणि खेळ थांबवायचा. पिल्लं भावंडांशी खेळताना हेच करतात, एकाने जोरात चावलं की दुसरं केकाटतं आणि खेळ सोडून जातं. आमचा दोन दिवसांत शिकला. आणि तरी नाही ऐकलं तर तोंड हाताने मिटून धरायचं पाच सेकंद आणि "नाही" म्हणायचं, आपोआप कळतं त्याला.

कनकलता
अजित, पहिलं ठीक आहे पण दुसरं कृपा करून व्हिडिओत नको. आम्ही तोंड धरायचो, घरातल्या सगळ्यांनी, कुणीतरी सांगितलं म्हणून. चावणं थांबलं नाहीच, पण आमची तांबू हात समोरून आला की मान मागे घ्यायला लागली. आम्हाला वाटलं शहाणी झाली. मग पाचव्या महिन्यात दात बघायला डॉक्टरांनी ओठ उचलला तर गुरगुरली, आयुष्यात पहिल्यांदा. तोंडाकडे येणारा हात म्हणजे त्रास हे आम्हीच शिकवलं होतं तिला. ते सुटायला दोन महिने गेले, रोज हनुवटीखाली हात, लगेच खाऊ, हात बाजूला, असं दिवसातून दहा वेळा. आणि केकाटण्याबद्दल म्हणशील तर तांबू आवाज ऐकून अजून चेकाळायची, तिला वाटायचं मी पण खेळतेय.

पशुवैद्य_अरुणा
मी डॉक्टर आहे, रोज दोन-तीन तरी पिल्लं याच तक्रारीने येतात म्हणून जरा लांब लिहिते.

आधी एक समजून घ्या, पिल्लाने चावू नये हे लगेचचं उद्दिष्ट नाहीच. आधी ते हळू चावायला शिकलं पाहिजे, मग चावणं कमी झालं पाहिजे. आईजवळ आणि भावंडांत आठ आठवडे राहिलेलं पिल्लू जबड्याचा जोर किती लावायचा याचा पहिला धडा तिथे घेऊन येतं. पाच-सहा आठवड्यांत उचलून आणलेलं पिल्लू तो धडा न घेताच येतं, मग ते तुम्हाला शिकवावं लागतं. अशा घरांना मी जास्त धीर धरायला सांगते.

केकाटण्याबद्दल दोघंही बरोबर आहेत. काही पिल्लं दचकून थांबतात, काही जास्त पिसाळतात. एक-दोनदा करून बघा, पिल्लू थांबून मागे झालं तर ठीक, अंगावर आलं तर सोडून द्या. खरा परिणाम खेळ थांबण्याचा असतो. दात लागला की उठायचं, बोलायचं नाही, छोट्या फाटकापलीकडे जायचं, वीस-तीस सेकंदांत परत. दोन मिनिटं नको, तेवढ्या वेळात आपण का गेलो हे पिल्लाच्या डोक्यातून गेलेलं असतं. आणि त्याला उचलून पिंजऱ्यात टाकू नका, आपण जायचं, पिंजरा झोपायची जागा राहू दे. पहिले चार दिवस बऱ्याचदा चावणं वाढतं, पूर्वी चालायचं ते आता का चालत नाही म्हणून ते जोर लावून बघतं. नेमकं तिथेच लोक पद्धत बदलतात.

दातांची एक टीप पडद्यावर टाका. दुधाचे दात 28, ते साधारण चौथ्या महिन्यापासून पडायला लागतात, सहा-सात महिन्यांपर्यंत 42 पक्के येतात. या काळात चघळणं वाढणारच, खेळण्यावर रक्ताचा ठिपका दिसला किंवा पडलेला दात सापडलाच नाही तरी घाबरू नका, बहुतेक वेळा गिळतात. पण भोलू अकरा आठवड्यांचा आहे, त्याचं संध्याकाळचं चावणं दातांमुळे असेल असं मला वाटत नाही.

आजोबा७०
आमचा कुत्रा चार वर्षांचा आहे, जेवताना ताटलीजवळ गेलं की चावतो, काल सुनेच्या हाताला दात लागले. दोरी दाखवू का त्याला?

पशुवैद्य_अरुणा
आजोबा, नाही. हे खेळातलं चावणं नाही, ताटली राखणं आहे. दोरी नको, ओरडणं नको, ताटलीत हात घालून "सवय लावणं" तर मुळीच नको. तूर्त त्याला वेगळ्या खोलीत एकटं जेवू द्या आणि प्रत्यक्ष दाखवायला न्या. आणि आधी सूनबाईंचं बघा. कातडी फुटली असेल, नुसता ओरखडा असेल तरीही, साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुऊन आजच माणसांच्या डॉक्टरकडे जायचं, काल धुतलं असेल तरी. कुत्र्याच्या लसींचं कार्ड सोबत न्या.

वसुधा, ही टीप तुझ्या दृश्यात पण हवी. रेबीजची लस पिल्लांना साधारण तीन महिन्यांच्या आसपास देतात, म्हणजे तुझा भोलू आत्ता त्या लसीशिवाय आहे. "इवलासा दात आहे, खेळताना लागला" म्हणून सोडून द्यायचं नाही.

रानवारा
संध्याकाळचं कोडं आम्हाला सुटलंय बहुतेक, आमचं पिल्लू बारा आठवड्यांचं असताना. बायको म्हणाली नुसतं चिडण्यापेक्षा लिहून ठेवू, मग फ्रीजवर कागद लावला, कधी उठली, कधी झोपली, कधी जोरात चावली. पाच दिवस. चौथ्या दिवशीच चित्र दिसलं. दुपारी साडेचारला उठायची, मग मुलं घरी, मग मी घरी, सगळे तिच्याशी खेळायचे, आणि पावणेसातला सुरू व्हायचं, पडदे, घोटे, सोफा, डोळे मोठे, हाक मारली तरी ऐकू न आल्यासारखं. म्हणजे सव्वादोन तास सलग जागी. दिवसभर बाकी वेळी तासाभराने आपोआप लवंडायची आणि तेव्हा चावणं किरकोळ.

मग सहाव्या दिवसापासून साडेपाचला दिवा मंद, पिंजऱ्यात चघळायला एक खेळणं, पिंजऱ्यावर चादर, आणि मी शेजारी बसून राहायचो काही न बोलता. पहिल्या दिवशी दहा मिनिटं कुरकुर केली आणि मग पाऊण तास झोपली. उठल्यावर तेच घोटे समोर होते पण दोरी दाखवली तर दोरीकडे गेली. आठवडाभरात जोराचे चावे दिवसाला नऊ-दहा वरून दोन-तीनवर आले. आम्ही शिकवणं काहीच बदललं नव्हतं, फक्त झोप.

पशुवैद्य_अरुणा
अगदी हेच. या वयाची पिल्लं दिवसाचे अठरा-वीस तास झोपतात, पण गडबडीच्या घरात ती स्वतःहून झोपत नाहीत, थकलेल्या बाळासारखी किरकिरी होतात. मात्र झोप पुरेशी होऊनही चावत असेल, किंवा एका ठराविक जागी हात लावला की कळवळून वळत असेल, तर कान, पोट, पाय दुखतंय का ते तपासून घ्या.

कनकलता
वसुधा, खेळण्यांबद्दल एक. आम्ही दात शिवशिवतात म्हणून जुना मोजा गाठ मारून दिला. तिने गाठीजवळचा तुकडा कधी गिळला कळलं नाही. दुसऱ्या दिवशी दोनदा उलटी, मग पाणी प्यायलं तरी उलटी, जेवण नको, कोपऱ्यात पाठ वाकवून बसली. पोट उघडून काढावा लागला. दोरी दाखवशील तेव्हा खेळ झाल्यावर ती उचलून ठेवतानाही दाखव, पिल्लापाशी सोडून उठू नको.

अजित_प
तोंड धरण्याचं मागे घेतो. खरं सांगायचं तर आमचा नक्की केकाटण्याने शिकला की आम्ही दर वेळी उठून जायचो त्याने, हे आता मलाच सांगता येत नाही. पण केकाटणं पूर्ण काढू नकोस, काही पिल्लांना चालतं ना.

मीनल_दोनमुलं
घरात सहा वर्षांचा मुलगा आहे, तो उठून शांतपणे फाटकापलीकडे जाणं शक्यच नाही, तो किंचाळत पळतो आणि पिल्लू पँटला लटकून मागे. मुलांनी काय करायचं ते कुणीच लिहीत नाही.

पशुवैद्य_अरुणा
मुलाला एकच गोष्ट शिकवा, झाड व्हायचं. पाय जमिनीत, हात छातीशी घडी, नजर वर, गप्प. रोज पिल्लू नसताना खेळ म्हणून सराव घ्या. पिल्लाला बाजूला घेणं मोठ्या माणसाचं काम. आणि मोठं कुणी खोलीत नसेल तेव्हा दोघांमध्ये फाटक बंद.

वसुधा
सगळ्यांचे मनापासून आभार. रानवाऱ्याचा कागद मी कालच फ्रीजवर लावला, भोलू साडेतीन ते सहा सलग जागा होता आणि सहा वाजून दहा मिनिटांनी माझा ओढणीचा काठ फाटला. आज पाचला झोपवतेय.

दृश्य ४ चे आता दोन तुकडे करते. पहिला सकाळचा, अंग सैल, शेपटी आणि मागचा भाग हलतोय, दोरी दाखवली की वळतोय. दुसरा संध्याकाळचा, तो मी मुद्दाम घडवणार नाही, त्याला जागं ठेवून चिडवून चित्रीकरण करणं मला पटत नाही, कालचं मोबाइलवर आपोआप आलेलं दहा सेकंदांचं वापरेन आणि पुढे फक्त चादर टाकलेला पिंजरा आणि आतून येणारा श्वासाचा आवाज. झाड व्हायचा सराव भाचीकडून करून घेते. तोंड धरण्याचं दाखवणार नाही, "असं करू नका" म्हणून सुद्धा नाही, लोक आवाज बंद करून बघतात. केकाटण्याचं काय करायचं ते अजून ठरत नाहीये.

रानवारा
एक विचारायचं राहिलं. आमची आता सहा महिन्यांची आहे आणि वरचा सुळा दोन दिसतो, एक जाड आणि त्याच्या मागे चिकटून एक बारीक सुईसारखा. हलत नाही. थांबू का?

पशुवैद्य_अरुणा
थांबू नका, याच आठवड्यात दाखवा. बारीक दात दुधाचा आहे, एका जागी दोन दात राहिले की मध्ये अन्न अडकतं आणि पक्का दात वाकडा बसतो. खाली पण बघा, खालचा पक्का सुळा दुधाच्या दाताच्या आतल्या बाजूने येतो आणि टाळूला टोचू शकतो. स्वतः हलवून काढायला जाऊ नका, मूळ लांब असतं, तुटून आत राहतं. आणि ओठ उचलून फोटो काढता आला तर वसुधाला द्या, टिपेसाठी हवाच होता.