व्हॉलीबॉलमध्ये बॅकला डिग आणि रोल: आधी थांबा, मग पडा

>> पाच नंबरला उभा असतो, स्मॅश कुठे येणार ते कळतं पण हात लागेपर्यंत बॉल खाली. रोल मारला की खांदा ठेचतो. काय चुकतंय?

मला वाटतं तू हिटर मारतो तेव्हा अजून चालतच असतोस. सेट गेला की बॉल सोडून हिटरकडे बघ, सेट नेटपासून लांब असेल तर त्याला खाली दाबता येत नाही म्हणून थोडा मागे सरक, आणि त्याचा हात मागे गेला की जिथे असशील तिथे थांब, जागा चुकली तरी चालेल. पाय खांद्यापेक्षा रुंद, वजन पुढच्या चवड्यांवर, हात सुटे, आधीच जोडून ठेवू नकोस (हे सगळेच करतात). स्विंग मधेच मंदावला आणि कोपर खाली आलं तर बहुतेक टिप, पुढे पळ.

आता रोल. समज बॉल उजवीकडे लांब पडतोय, तर उजव्या पायाने मोठी लांब स्टेप, कंबर गुडघ्याच्या उंचीला आणायची, बॉल उचलायचा आणि मगच पडायचं. गुडघा बाहेर वळवून आधी मांडीची बाहेरची बाजू, मग कुल्ला, मग पाठीवरून तिरकं जात डाव्या खांद्यावरून पाय पलीकडे, हनुवटी छातीला. तुझा खांदा ठेचतो म्हणजे कंबर वर राहते आणि तू उंचावरून सरळ खांद्यावर आदळतोस. पाय पलीकडे टेकले की त्याच झोक्यात उभा राहा, हात टेकवून उठत बसलास तर पुढचा बॉल गेलाच.