दिवाळी अंकाचा संगणक आणि तिसरी पट्टी

प्रेषक: मुग्धा
विषय: अंकाचा संगणक सारखा निळा पडतोय

मंडळी, नमस्कार.

अंक छापायला द्यायला अकरा दिवस राहिलेत आणि ज्या डेस्कटॉपवर आपण पानं लावतो तो दोन आठवड्यांत नऊ वेळा निळा पडला. कधी पान लावताना, कधी नुसता ब्राउझर उघडा असताना, आणि एकदा तर मी चहा करायला उठले होते तेव्हा. चौथ्या वेळेपासून पडद्यावरचं नाव चिठ्ठीवर लिहून ठेवतेय:

```
MEMORY_MANAGEMENT
PAGE_FAULT_IN_NONPAGED_AREA
IRQL_NOT_LESS_OR_EQUAL
MEMORY_MANAGEMENT
SYSTEM_SERVICE_EXCEPTION
PAGE_FAULT_IN_NONPAGED_AREA
```

विंडोजमधली मेमरी तपासणी मी रात्री लावली होती. सकाळी म्हणाली, काही दोष नाही. मशीनमध्ये आठ जीबीच्या चार पट्ट्या आहेत. दोन सुरुवातीपासूनच्या, दोन गेल्या हिवाळ्यात घातलेल्या. कुणाला काही सुचतंय का?

---

प्रेषक: प्रसाद

हा डिस्प्ले ड्रायव्हर आहे, मी पैजेवर सांगतो. आमच्या ऑफिसात असंच झालं होतं. ड्रायव्हर काढून परत टाक, आणि तरी थांबलं नाही तर विंडोज नव्याने बसव. एका शनिवारचं काम. मेमरी तपासून झालीच आहे, ती ठीक निघाली, म्हणजे तो विषय संपला.

---

प्रेषक: श्रीधरकाका

मुग्धा बाळा, माझ्याही लॅपटॉपवर मेमरी भरल्याचा निरोप येत होता. नातवाचे तीन हजार फोटो बाहेरच्या डिस्कवर हलवले आणि मोकळा झालो. तूही जुने अंक हलवून बघ.

---

प्रेषक: मेधा

काका, तुमची भरली ती डिस्क. इथे प्रश्न रॅमचा आहे. जागा मोकळी करून तो सुटणार नाही.

प्रसाद, तू म्हणतोस ते अर्धं खरं आहे. ड्रायव्हर बिघडला की बहुतेक वेळा निळ्या पडद्यावर तेच नाव परत परत येतं, आणि खाली एखाद्या `.sys` फाइलचं नाव दिसतं. मुग्धाच्या चिठ्ठीत सहा वेळांत चार वेगळी नावं आहेत, आणि मशीन रिकामं असतानाही पडतंय. प्रत्येक वेळी वेगळाच कार्यक्रम ठेचकाळत असेल तर मी आधी रॅमकडे बघते. बिघडलेल्या जागेवर त्या क्षणी कोण येऊन बसलंय त्यावर नाव ठरतं.

विंडोजची तपासणी नेहमीच्या पातळीवर दोनच फेऱ्या मारते. तिने दोष दाखवला तर दोष आहे हे नक्की. तिने ‘ठीक’ म्हटलं तर त्यावर मी मशीन सोडून देणार नाही.

आणि विंडोज नव्याने बसवायची तर आत्ता मुळीच बसवू नका. रॅम खराब असेल तर प्रत्येक फाइल त्याच रॅममधून जाऊन डिस्कवर उतरणार. जुनं विंडोज निदान अर्धंमुर्धं तरी शाबूत आहे.

आता क्रमाने. आधी अंकाचं सगळं सामान दुसऱ्या मशीनवर न्या. मग बिटलॉकर, म्हणजे डिस्कला कुलूप घालणारी विंडोजची सोय, चालू आहे का ते बघा, आणि असेल तर त्याची रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवा. हे विसरू नका. पेनड्राइव्हवरून मशीन सुरू करण्यासाठी बायोसमध्ये सिक्युअर बूट बंद करावं लागलं तर पुढच्या वेळी विंडोज ती की मागतं, आणि ती हाताशी नसेल तर निळ्या पडद्यापेक्षा वाईट अवस्था होते. त्यानंतर रिकाम्या पेनड्राइव्हवर Memtest86+ हा रॅम तपासणारा प्रोग्राम टाका (त्यातलं आधीचं सगळं पुसलं जाईल) आणि त्यावरून मशीन सुरू करा. बायोसमध्ये एक्सएमपी चालू असेल तर तेही आधी बंद करा. चार पट्ट्या वाढीव वेगाने चालवताना चुका निघाल्या तर दोष पट्टीचा की वेगाचा हे कळत नाही.

---

प्रेषक: मुग्धा

मेधाताई, एक्सएमपी चालूच होतं, 3200 वर. बंद केल्यावर वेग 2133 वर आला. चारही पट्ट्या आत ठेवून चाचणी लावली आणि पहिल्या फेरीतच लाल ओळी यायला लागल्या. मी फोटो काढून ठेवलाय, त्यातल्या दोन ओळी देते:

```
Failing Address   Expected           Found
0002a4c1e7d8      ffffffffffffffff   ffffffffffdfffff
0002a4c93f58      2020202020202020   2020202020002020
```

पत्त्याशेजारी 10.5GB असं लिहिलंय. म्हणजे आठनंतरची, दुसरी पट्टी खराब ना? तीच काढू का?

---

प्रेषक: मेधा

थांबा, पत्त्यावरून पट्टी ओळखायची नाही. दोन चॅनेल जोडीने चालतात तेव्हा शेजारशेजारचे पत्ते वेगवेगळ्या पट्ट्यांमध्ये वाटले जातात. दहा जीबीवर चूक दिसली म्हणून दुसरीच पट्टी दोषी असं म्हणता येत नाही.

पण त्या ओळींत एक छान गोष्ट आहे. उजवीकडून तिसरी जोडी बघा. पहिल्या ओळीत `ff` हवं होतं, आलं `df`. दुसरीत `20` हवं होतं, आलं `00`. दोन्हीकडे हरवलेला बिट एकच, आणि दोन्हीकडे 1 चा 0 झालाय. पत्ते मात्र वेगळे. एकाच पत्त्यावर चूक अडून राहिली असती तर मी म्हटलं असतं की आतली एखादी जागा मेली, पट्टी काढा नि परत करा. एकच बिट पुष्कळ पत्त्यांवर जातोय तेव्हा त्या एका वाटेवर काहीतरी आहे: एखादी चिप, किंवा नुसता नीट न टेकलेला सोनेरी पाय. म्हणून काढून परत बसवून बघण्यात अर्थ आहे.

कॅलगरीत आता हीटर सुरू झालेत, घरातली हवा कोरडी, पायाखाली कार्पेट. मोज्यांवर उभं राहून पट्टीला हात लावू नका. वायर भिंतीतून काढा, चालू करायचं बटण काही सेकंद दाबून उरलीसुरली वीज जाऊ द्या, कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावा आणि मगच पट्टी काढा. कडेला धरा, सोनेरी भागाला बोट नको. बसवताना खाच जुळवून दोन्ही टोकांना सरळ दाबा, खटका ‘टक्‌’ करून आपोआप मिटला पाहिजे. लोक भीत भीत दाबतात आणि पट्टी एका टोकाला केसभर वर राहते.

चारही पट्ट्यांना कागदी टेप लावून आकडे घाला, आणि एक एक करून एकाच स्लॉटमध्ये तपासा. प्रोसेसरपासून दुसरा स्लॉट घ्या, बहुतेक बोर्डांना एकटी पट्टी तिथेच हवी असते. चालू केल्यावर मिनिटभर पडदा काळा राहिला तर घाबरू नका, बोर्ड नव्या मांडणीशी जुळवून घेत असतो.

---

प्रेषक: श्रीधरकाका

अहो मेधाताई, एवढं कशाला? नाशिकला माझं टायपिंगचं दुकान होतं. संगणक बंद पडला की पट्टी काढायची, खोडरबराने पाय घासायचे, परत बसवायची. दहातली आठ मशीन्स त्यावर सुरू व्हायची. मुग्धा, नटराजचं खोडरबर असेल ना घरात?

---

प्रेषक: मेधा

काका, खोडरबराने तेव्हा मशीन्स सुरू व्हायची हे मी नाकारत नाही. पण त्यातली किती घासल्यामुळे झाली आणि किती नुसती काढून बसवल्यामुळे, हे कुणी मोजलं? पायांवर सोन्याचा मुलामा अगदी पातळ असतो, आणि रबराचा चुरा स्लॉटमध्ये पडला तर नवंच दुखणं. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि न झडणारं फडकं पुरे.

---

प्रेषक: श्रीधरकाका

मोजलं नाही, पण गिऱ्हाईक परत आलं नाही हे मला ठाऊक आहे.

---

प्रेषक: मुग्धा

पूर्ण शनिवार गेला. एका पट्टीच्या एका फेरीला जवळपास पाऊण तास लागतो. पहिली स्वच्छ, दुसरी स्वच्छ, चौथी स्वच्छ. तिसरीत 41 चुका, आणि बिट तोच! ही गेल्या हिवाळ्यात घातलेल्यांपैकी आहे.

मग अल्कोहोलने पाय पुसले (काका, क्षमस्व), परत त्याच स्लॉटमध्ये टक्‌ आवाज येईपर्यंत दाबली आणि दोन फेऱ्या चालवल्या. शून्य चुका. म्हणजे नुसती नीट बसलेली नव्हती! आता चारही बसवून कामाला लागते.

---

प्रेषक: मेधा

अभिनंदन आत्ताच करणार नाही. तुम्ही तपासलं तेव्हा कॅबिनेट उघडं होतं ना? पट्टी गार होती. झाकण लावा, ती एकटीच आत ठेवा आणि रात्रभर चालू द्या.

---

प्रेषक: मुग्धा

सकाळी उठून बघितलं. पहिल्या दोन फेऱ्या स्वच्छ, तिसरीत सहा चुका, तोच बिट. लागलीच पहिली पट्टी त्याच स्लॉटमध्ये घालून दुसऱ्या रात्री झाकण लावून चालवली. एकही चूक नाही.

---

प्रेषक: मेधा

म्हणजे स्लॉट निर्दोष, चूक तिसऱ्या पट्टीबरोबर फिरतेय. परत बसवल्याने फरक पडला असं दिसलं, पण ती गार होती म्हणून गप्प राहिली की संपर्क थोडा सुधारला होता, हे यावरून सांगता येणार नाही. काही असलं तरी ती आता आत नको. जोडीने घेतली असेल तर वॉरंटीत परत करताना बहुतेक कंपन्या दोन्ही मागतात, म्हणून चौथीही काढा. अंक सोळा जीबीत होईल.

आता `sfc /scannow` चालवा, आधी चालवून उपयोग नव्हता. आणि गेल्या दोन आठवड्यांत त्या मशीनवर साठवलेली प्रत्येक फाइल संशयित धरा. विंडोजच्या फाइली विंडोज दुरुस्त करेल, तुमच्या फोटोंचं त्याला काही कळत नाही.

---

प्रेषक: प्रसाद

पैज हरलो. पण एक विचारतो, माझ्या लॅपटॉपची रॅम बोर्डावरच डकवलेली आहे. तिथे असं झालं तर? विंडोजला खराब पत्ते वापरू नको असं सांगता येतं म्हणे.

---

प्रेषक: मेधा

येतं, `bcdedit` मध्ये `badmemorylist` आहे. एकदोन ठराविक जागा मेल्या असतील तर काही काळ निभावतं. मुग्धासारखा एकच बिट जागोजागी जात असेल तर कुठले कुठले पत्ते देणार? मग बोर्ड बदलणं, किंवा लॅपटॉप.

---

प्रेषक: मुग्धा

दोन जुन्या पट्ट्यांवर चार दिवस झाले, एकदाही निळा पडला नाही. `sfc` ने काही फाइली दुरुस्त केल्याचं सांगितलं.

मेलमधून आलेले मूळ फोटो आणि अंकातले फोटो शेजारी ठेवून पाहिले. तीन खराब निघाले. दोघांचे मूळ माझ्याकडे आहेत. पान 14 वरचा भोंडल्याचा फोटो मात्र पेनड्राइव्हवरून थेट याच मशीनवर आला होता, त्याच्या खालच्या अर्ध्यात हिरवे पट्टे आहेत. मंडळाच्या हॉलमध्ये कुणी दिला होता आठवत नाही. ज्यांचा असेल त्यांनी शुक्रवारपर्यंत परत पाठवावा.