अनुभव धागा: बाळ झोपलं की आणि प्लेस्कूलला गेलं की तुम्ही काय काम करता?

लेक सव्वादोन वर्षांची. साडेनऊ ते बारा प्लेस्कूल, दुपारी दोन ते साडेतीन झोप. शिवण येतं, म्हणून साड्यांना फॉल-पिको करावं म्हणते. कुणी केलंय का?

नाशिकची आई: मी दोन वर्षं करतेय. दोन वेळांची कामं वेगळी ठेव. झोपेच्या वेळी मशीन लावलं की लेकरू जागं होतं, म्हणून तेव्हा फॉल हाताने लावायचा. एकाला पाऊण तास, म्हणजे दोन साड्या. पिको मी सकाळी शाळेत सोडून येताना दुकानातून करून घेते. ग्राहकाकडून साडीमागे 120 घेते. फॉलचे 30, पिकोचे 20, दोऱ्याचे 5 वजा जाता 65 उरतात. दिवसाला दोन धरल्या तर महिन्याचे 20 दिवस मिळून 2,600. पोरगी आजारी पडली की तेवढं खाली येतं.

फॉल आदल्या रात्री पाण्यात भिजवून, वाळवून, इस्त्री करूनच लावायचा. पहिल्याच महिन्यात मी तसाच लावला. पहिल्या धुण्यात फॉल आटला आणि काठाला चुण्या पडल्या. शेजारच्या काकूंची साडी होती. सगळा उसवून पुन्हा लावून दिला, पैसे घेतले नाहीत. टाका घालताना साडीचा एकच धागा उचल, दोरा ओढू नकोस. झालं की काठ हातात धरून साडी लोंबकळती सोड. काठ लाटेसारखा दिसला तर दोरा ताणला गेलाय, तेवढा भाग उसव.

सोलापूरकर: टेरिकॉट फॉल आटत नाही, भिजवायला नको.

नाशिकची आई: खरा टेरिकॉट असेल तर बरोबर. पण आमच्याकडे दुकानदार सगळ्यालाच टेरिकॉट म्हणतो. एक तुकडा मोजून भिजवून बघ, आखूड झाला तर सगळेच भिजव.

ठाण्याची ताई: माझा मुलगा दुपारी झोपतच नाही हो, कसं झोपवायचं?

धागाकर्ती: ताई, त्यासाठी वेगळा धागा काढाल का? मलाही वाचायचाय.

कोल्हापूरच्या आजी: बाळा, सुया मोजून डबीत ठेव. कामाआधी पाच तर कामानंतरही पाचच हव्यात. माझ्या नातवाच्या पायात एकदा गेली होती, अजून अंगावर काटा येतो. आणि लोकांची साडी पलंगावर ठेवू नको, कपाटात वर ठेव.

पुण्याची आई: मी याच वेळात ऑनलाइन शिकवणी घेतली. मुलगी मध्येच उठायची आणि समोर विद्यार्थी ताटकळायचे. तीन महिन्यांत बंद केली. फॉलचं काम अर्धवट ठेवता येतं, हे मला फार पटलं.

धागाकर्ती: उद्या दोन फॉल भिजवते. लग्नसराईत एकदम दहा साड्या आल्या तर घ्यायच्या की परत पाठवायच्या?

नाशिकची आई: मी चार घेते. दुसरी एक मैत्रीण सगळ्या घेते आणि रात्री जागते. तुझं तू बघ.