मदत हवी आहे: ‘बॅक-टू-बॅक’ पेमेंटमध्ये अडकलेलं बिल

मी पुण्यात इलेक्ट्रिकलची सबकॉन्ट्रॅक्ट घेतो. एका इमारतीचं वायरिंग मालासकट केलं. साइट इंजिनिअरने मोजमापं तपासून माझं ११ लाखांचं आरए बिल सही करून दिलं, पण पैसे नाहीत. वर्क ऑर्डरमध्ये ओळ आहे: ‘क्लायंटकडून रक्कम मिळाल्यावर पेमेंट केले जाईल.’ क्लायंटने मुख्य कॉन्ट्रॅक्टरचे पैसे रोखलेत ते गच्चीच्या वॉटरप्रूफिंगवरून. त्यात माझा काय संबंध? वायरवाला मात्र उधारीसाठी रोज फोन करतो.

माझं उद्यम रजिस्ट्रेशन कामाच्या आधीचं आहे. एमएसएमई कायदा २००६च्या कलम १५ प्रमाणे, करारात काहीही असलं तरी मुदत ४५ दिवसांपलीकडे जात नाही, आणि कलम २४ मुळे कायदा वरचढ ठरतो. पण वकील म्हणतात, माल-मजुरी एकत्र म्हणजे वर्क्स कॉन्ट्रॅक्ट, आणि मुंबई हायकोर्टाने असे करार या कायद्याबाहेर धरलेत.

अशा कामात फॅसिलिटेशन कौन्सिलकडे दावा टिकलाय का कुणाचा? की थेट दिवाणी दावा बरा? आणि क्लायंटने नक्की किती पैसे दिलेत, हे मुख्य कॉन्ट्रॅक्टरकडून लेखी कसं काढून घ्यायचं? तोंडी तो रोज वेगळंच सांगतो.