उभं राहिलं की पँट फिट, बसलं की घट्ट

(सोसायटी ग्रुप, फोंडा)

नीलेश, बी-203: मंडळी, एक विचित्र प्रश्न. गेल्या महिन्यात शिवलेली पँट उभं राहिलं की अगदी मापात. ऑफिसात खुर्चीवर बसलो की कमरेला, मांडीला काचते. वजन तेवढंच आहे. शिंप्याकडे गेलो तर म्हणाला, "बघा की, छान बसलीय." मी उभा होतो तेव्हा!

स्नेहल वहिनी, सी-101: कमर सैल करून घ्या, झालं.

परब काका, ए-4: थांब रे नीलेश, कात्री उचलण्याआधी एक कर. पँट घालून लाकडी खुर्चीवर बस आणि वरचं बटण सोड. आराम पडला का ते सांग. (नव्या लोकांसाठी: मी तीस वर्षं शिंपीकाम केलंय.)

नीलेश, बी-203: पोटाला आराम पडला. पण मागे अजून ओढतेय, मांडीवर आडव्या सुरकुत्या पडल्यात. आणि पँटचा कमरपट्टा मागून खाली उतरलाय, बनियन बाहेर आलं 😅

काका, ए-4: किती उतरला? बोटांनी मोज.

नीलेश, बी-203: दोन बोटं.

काका, ए-4: मग दोष नुसत्या कमरेचा नाही. माणूस बसला की ढुंगण पसरतं आणि गोल होतं. कमरेपासून दोन पायांच्या मधल्या जोडापर्यंतचं मागचं अंतर वाढतं. पुढचं उलट कमी होतं, म्हणून पोटाखाली कापड गोळा होतं. मागे कापड पुरलं नाही की पट्टा खाली खेचला जातो, आणि तोच पट्टा पुढून पोटात रुततो. तुला वाटतं कमर घट्ट. आता टेप घेऊन सीटचं माप, सर्वांत रुंद जागी, उभ्याने आणि बसून घे.

नीलेश, बी-203: उभ्याने 39 इंच, बसून 41½. कमर 34 ची 35½ झाली!

काका, ए-4: आणि पँटची सीट? सपाट ठेवून मोज आणि दुप्पट कर.

नीलेश, बी-203: 40.

काका, ए-4: हेच ते. उभ्याला एक इंच सैल, बसल्यावर दीड इंच कमी. ताणत नसलेल्या कापडात मी सीटला निदान दोन-अडीच इंच सोडायचो. त्यात आपला दमट उन्हाळा. घामाने कापड मांडीला चिकटतं, वर सरकत नाही. जुनी माणसं बसताना गुडघ्यावर चिमूट धरून पँट वर ओढायची ना, ती ऐट नव्हती. गुडघा वाकला की तिथे कापड लागतं, ते आधीच सोडून द्यायची.

स्नेहल वहिनी, सी-101: मग 36 कमरेची घेतली तर?

काका, ए-4: कमर लोंबेल, बेल्टने चुण्या पडतील. आणि मागची लांबी नावापुरतीच वाढेल. तेव्हा बेल्ट अजूनच आवळाल.

रोहन, बी-302: काका, स्ट्रेच पँट घ्यायची ना सरळ 😎

काका, ए-4: बहुतेक स्ट्रेच कापड आडवं ताणतं. मांडीला, सीटला नक्की आराम पडतो. पण मागे जी उभी लांबी कमी पडते, ती त्याने फारशी मिळत नाही. नीलेश, पँट उलटी कर. मागच्या मधल्या शिवणीत आत दाबलेलं कापड किती आहे?

नीलेश, बी-203: पट्ट्याजवळ इंचभर, खाली निमुळतं होत गेलंय. सीटला अर्धा इंच असेल.

काका, ए-4: शिवून घेतलीस ते बरं झालं, रेडीमेडमध्ये एवढं क्वचित मिळतं. आता शिंप्याला असं सांग. मागची मधली शिवण उसवून सीटला दोन्ही बाजूंनी पाव इंच राखून बाकीचं सोडायचं, म्हणजे सीट जवळजवळ अर्ध्या इंचाने वाढेल. कमर अर्ध्या इंचापेक्षा जास्त सोडू नको. मग पायांची आतली शिवण वरच्या टोकाला मागच्या भागातून अर्धा इंच सोडून सात-आठ इंच खाली शून्यावर आणायची. मागची लांबी तिथूनच मिळते, आणि हेच बहुतेक जण विसरतात. पण त्या शिवणीत दाब असला तरच.

नीलेश, बी-203: दोन बोटं पूर्ण भरून निघतील?

काका, ए-4: नाही. अर्धं भागेल. उरलेलं कापतानाच द्यावं लागतं, मागची शिवण जास्त तिरपी ठेवून. आणि मग उभं राहिल्यावर ढुंगणाखाली थोडी घडी पडणारच. आरशात सपाट हवी की खुर्चीत सुखाची, एकच मिळतं. शिवाय फिक्या कापडावर जुन्या शिवणीची रेघ दिसेल, ती इस्त्रीने पूर्ण जात नाही.

सेक्रेटरी, ए-12: उद्या सकाळी 10 ते 12 टाकी धुणार, पाणी भरून ठेवा 🙏

नीलेश, बी-203: काका, रविवारी भाच्याची मुंज आहे. पाटावर बसायचंय, तोवर होईल ना?

काका, ए-4: पाटावर मांडी घालून? त्याला ही पँट नकोच. लेंगा घाल, त्याचं आसन ढगळ असतं. पँट सोमवारी दे.

नीलेश, बी-203: देव बरें करूं काका 🙏 बसूनच ट्रायल घेतो आता.